राठोड सरांच्या बोर्डावरचा डायोड

विजया पाठक आमच्या हिंगोलीच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि मी केमिस्ट्री. आमच्या दोन्ही लॅबच्या मधे एकच भिंत होती, त्यामुळे तिच्याबद्दल मला जे माहीत नाही ते फारसं कोणालाच माहीत नसणार. माणूस म्हणून सोन्यासारखी. पण हेवा म्हणाल तर काठोकाठ भरलेला. शेजारणीच्या जाईला फुलं जास्त आली तरी हिच्या पोटात दुखायचं. मी तिला तोंडावर म्हणायचे, आणि ती म्हणायची, "दुखतं तर दुखतं. तुझ्यासारखं लपवत तर नाही ना मी!"

सासर नरसीच्या वाटेवरचं, नवरा गोपाळराव कोर्टात कारकून, मूलबाळ नाही. एक्क्याण्णव साली ती कॉलेजात लागली आणि तेव्हापासून बारावीचं फिजिक्स म्हणजे पाठक मॅडम, असं समीकरणच होऊन बसलं. तिच्या पोरांना प्रॅक्टिकलला कधी कमी मार्क पडले नाहीत. त्याची गोम अशी होती की पोरं रीडिंग घेत नसत, पाठ करत. मॅडमनी प्रत्येक प्रयोगाची 'स्टँडर्ड रीडिंग' सांगितलेली असायची. परीक्षेच्या दिवशी मीटरचा काटा कुठे का पडेना, पोरं आपली सुबक अक्षरात तीच रीडिंग मांडत. चूक एकटीची नव्हे, जिल्हाभर तीच रीत. मीसुद्धा टायट्रेशनचं उत्तर आधीच कानात सांगणारीच. पण विजयाच्या हाताखाली त्या रीतीला कारखान्यासारखी शिस्त आली होती.

हिंगोली जिल्हा झाला आणि दोनेक वर्षांत कॉलेजात फिजिक्सलाच प्रेमदास राठोड आला. साखऱ्याकडच्या तांड्यावरचा, एमएस्सी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशात कायम एक टेस्टर. विजयानं पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "फार दिवस टिकायचा नाही." टिकला. नुसता टिकला नाही, पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायला लागली.

त्यानं प्लायवूडच्या फळ्यांवर सर्किटं बनवली. त्यातली एक ऑर गेटची. दोन स्विच, ए आणि बी. प्रत्येक स्विच एका बाजूला दाबला की पाच व्होल्टला जोडला जायचा, तो एक. दुसऱ्या बाजूला दाबला की जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, तो शून्य. प्रत्येक स्विचपुढे धारा एकाच दिशेनं जाऊ देणारा एक डायोड, दोन्ही डायोड पुढे एका ठिकाणी मिळालेले, तिथून हजार ओहमचा रेझिस्टर जमिनीकडे. सप्लायच्या वायरमध्ये दोनशे वीस ओहमचा आणखी एक रेझिस्टर, काही चुकलं तर जळू नये म्हणून, आणि त्याच्याच ओळीत मिलिअ‍ॅमीटर. डायोड मिळतात त्या जागेला नाव वाय, तिथं व्होल्टमीटर. ए किंवा बी, कोणीही एक असला की वाय एक. दोघेही शून्य असले तरच वाय शून्य. मला केमिस्ट्रीवालीला एका बैठकीत कळलं, म्हणजे चांगलंच शिकवलं असणार.

"ह्या फळ्या म्हणजे नुसता तमाशा," विजया म्हणाली. "खडूनं फळ्यावर चार ओळी काढल्या की टेबल होतं. शून्य, एक, एक, एक."

"पण पोरांना काटा हललेला दिसतो की," मी म्हणाले.

"तू गप गं!"

इथवरचा हेवा मी हसण्यावारी नेला असता. पण मधे पुजा आली.

पुजा आडे सिद्धेश्वर धरणाकडच्या तांड्यावरची. अकरावीला तिचे वडील भीमसिंग तिला घेऊन थेट विजयाच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, होस्टेलात पोरीला करमत न्हाई. लेकरू तुमच्या हवाली करून राहिलो." विजयाच्या घरामागे एक खोली रिकामी होती. पुजा तिथं राहायला आली आणि महिन्याभरात खोलीतून स्वयंपाकघरात आली. विजयानं तिची वेणी घातली, तिच्या तापात रात्री जागली, आणि गावभर सांगत सुटली की आमची पुजा विभागाच्या गुणवत्ता यादीत येणार. 'आमची' या शब्दावर तिचा काय जोर असायचा!

आणि बारावीत ही 'आमची' पुजा राठोड सरांच्या फळ्यांपाशी जाऊन बसायला लागली. खरं तर प्रॅक्टिकलला ती विजयाच्याच बॅचमध्ये होती. पण बॅच सुटली की पोरगी पलीकडच्या टेबलाशी. तिथं ती आणि राठोड गोरमाटीत, त्यांच्या तांड्याच्या बोलीत, बोलायचे आणि हसायचे. विजयाला त्यातलं अक्षर कळायचं नाही. ती माझ्या लॅबमध्ये येऊन ब्युरेट उगाचच पुसत बसायची.

"काय बोलतात एवढं?" ती म्हणायची.

"डायोडबद्दल बोलत असतील."

"डायोडमध्ये हसण्यासारखं काय असतं?"

घरीही तेच. एका संध्याकाळी मी तिच्याकडे बसले होते. विजया भाकरी थापत होती, पुजा पाटावर वही घेऊन. गणित साधं होतं: पाच व्होल्टची बॅटरी, चारशे तीस ओहमचा रेझिस्टर, ओळीत एक डायोड सरळ जोडलेला, विद्युतधारा काढा. विजयाच्या शिकवणीप्रमाणे पाचाला चारशे तिसानं भागायचं, उत्तर साडेअकराच्या वर, अकरा पूर्णांक सहा मिलिअ‍ॅम्पिअर.

पुजा म्हणाली, "मॅडम, माझं दहाच येऊन राहिलं."

"कसं काय?"

"सर म्हणले, सिलिकॉनचा डायोड सात दशांश व्होल्ट सोताकडं ठेवून घेतो. मंग रेझिस्टरवर चार पूर्णांक तीनच उरते. त्याला चारशे तिसानं भागलं की बराबर दहा."

विजयाचा हात पिठात थांबला. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण पोरांचा गोंधळ नको म्हणून ती दर वर्षी डायोड आदर्श धरायची आणि आता दहा वर्षांनी तो आदर्शपणा तिच्याच चुलीपाशी मोडला होता.

"प्रश्नात आदर्श डायोड म्हटलं असेल तर काही ठेवून घेत नाही," ती म्हणाली.

"व्हय, ते पण म्हणले सर. आदर्श असला तर अकरा पूर्णांक सहा. पण दुकानातून आणलेला असला तर दहा."

म्हणजे विजयाचं उत्तरही सरांच्याच खिशात! तिनं ती भाकरी इतक्या जोरात तव्यावर टाकली की ती दुमडली. नंतर मात्र पुजाच्या ताटात लोण्याचा गोळा नेहमीच्या दुप्पट पडला. विजयाचा राग असाच. हेवा प्रेमदासचा आणि लाच पुजाला.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक मस्के सर, परभणीचे. कॉलेजकडून अंतर्गत परीक्षक म्हणून विजया, कारण ती सीनियर. त्या दिवशी तिचीच बॅच होती. राठोडला लॅबमध्ये यायचं कारण नव्हतं, तो बाहेर व्हरांड्यात पोरांच्या रांगा लावत होता. पुढचं सगळं मला विजयानंच सांगितलं, आणि तिचा दोष तिनं त्यात झाकला नाही हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

सकाळी ती लवकर लॅबमध्ये गेली. आमचा लॅब अटेंडंट तातेराव टेबलं मांडत होता. तिला म्हणाला, "मॅडम, राठोड सरायच्या ऑर गेटच्या बोर्डावरचा एक डायोड मेला होता. म्या नवा टाकला." ती सहज वाकून बघायला गेली आणि तिला दिसलं. डायोडच्या काळ्या अंगावर एका टोकाला रुपेरी पट्टा असतो. धारा पट्ट्याच्या बाजूनं बाहेर पडते, त्या बाजूनं आत शिरत नाही. ए चा पट्टा वायकडे होता, जसा हवा तसा. बी चा पट्टा स्विचकडे. तातेरावनं बी चा डायोड उलटा टाकला होता.

एक वाक्य बोलायचं होतं. तातेरावनं दोन मिनिटांत डायोड फिरवला असता. विजया बोलली नाही.

"मला वाटलं," ती मला म्हणाली, "बाहेरचा माणूस आला आहे, बघू दे त्याला राठोड सरांची कारागिरी. ऑर गेट म्हणून बनवलेली फळी भलतंच काही दाखवते आहे, हे सगळ्या जिल्ह्यात कळू दे. फार गार वाटलं गं मला त्या क्षणी."

परीक्षा सुरू झाली. पोरं चिठ्ठ्या उचलून आपापल्या प्रयोगाला बसली. राठोडच्या फळीची चिठ्ठी अशी होती: ऑर गेटची चारही रीडिंग घ्या, प्रत्येक ओळीत धारा लिहा, आणि वायपुढे एकाचं शून्य नि शून्याचं एक करणारा नॉट गेट जोडला तर येणाऱ्या झेडचं ट्रुथ टेबल कागदावर तयार करा. ऑर गेटची फळी सगळ्या कॉलेजात ती एकच, म्हणून पोरं पाळीपाळीनं बसत होती. पहिला पोरगा बसला आणि विजया पाहत राहिली. आता हा उठेल, म्हणेल, मॅडम, काहीतरी गडबड आहे.

पोरानं स्विच खाली-वर केले. लिहिलं: शून्य, एक, एक, एक. धारेच्या रकान्यात शून्य, मग तीन वेळा साडेतीन मिलिअ‍ॅम्पिअर. झेड: एक, शून्य, शून्य, शून्य, म्हणजे नॉर. सगळं पुस्तकातल्यासारखं. समोर मीटरचा काटा सोळाच्या पुढे चढला होता आणि पोरगा खाली मान घालून साडेतीन लिहीत होता. मस्के सरांनी टिक केली.

दुसरा बसला, तेच. तिसरी मुलगी बसली, तिनं तर स्विच नीट दाबलेच नाहीत. चौथाही तसाच. प्रत्येकाची रीडिंग दशांश चिन्हासकट एकसारखी, विजयानंच सांगितलेली. राठोडची फळी भर परीक्षेत खोटं बोलत होती आणि विजयाची पोरं तिला एकामागून एक पास करत होती. मला हे ऐकताना हसू आवरेना. विजयाला तेव्हा हसू आलं नव्हतं. ती म्हणाली, "प्रत्येक टिक मला कानाखाली बसल्यासारखी लागत होती."

पाचवी पुजा.

तिनं चारही रीडिंग घेतली. थांबली. पुन्हा घेतली. कपाळाला आठ्या पडल्या. मग भराभर लिहायला लागली. विजयाला लांबूनच कळलं की पोरगी काटा बघून लिहिते आहे.

मस्के सरांनी तिचा कागद उचलला आणि चष्मा वर केला. "हे काय? ऑर गेटचं टेबल येत नाही तुला? वाय शून्य, शून्य, शून्य, एक? हा तर अँड झाला!"

"व्हय सर. अँडच येऊन राहिला."

"आणि झेड एक, एक, एक, शून्य?"

"नॉट लावला की अँडचा नँड होतो, सर."

"ते मला माहीत आहे. चिठ्ठीवर काय लिहिलं आहे? ऑर. आणि ही धारा बघ. ए एक, बी शून्य, तिथं सोळा पूर्णांक चार! तुझ्या आधीच्या चौघांचं साडेतीन आहे. चौघं चुकले आणि तू एकटी बराबर?"

पुजाचा चेहरा उतरला. "सर, मीटरवर जे दिसलं ते लिवलं," एवढंच ती म्हणाली. खुलासा तिला देता आला असता, पण समोर परीक्षक आणि पोरगी तांड्यावरची. मस्के सरांनी लाल पेन उघडलं आणि विजयाकडे वळून म्हणाले, "काय मॅडम, रीडिंगला आणि टेबलाला शून्य मार्क द्यावे लागतील. तुमचं काय मत?"

अंतर्गत परीक्षकाची सही त्याच कागदावर व्हायची होती.

आता विजयापुढे काय होतं ते सरळ सांगते. गप्प राहिली तर पुजाचे मार्क गेले आणि त्या मार्कांवर पोरीचं इंजिनिअरिंग टांगलेलं. बोलली तर पुजा वाचणार, पण मग आधीच्या चौघांनी फळीकडे न बघता लिहिलं हे उघडं पडणार. ती रीडिंग कुणी शिकवली हे विचारायला परीक्षकाला फार डोकं लागणार नव्हतं. आणि वर सगळ्यांना दिसणार की लॅबभरात बघून लिहिणारी एकच आणि ती राठोड सरांकडून शिकलेली. म्हणजे सगळीकडून तिलाच मार, आणि शाबासकी राठोडला.

विजया म्हणाली, "शून्य देऊ नका, सर. तिचं बरोबर आहे."

"बरोबर?"

"बी चा डायोड उलटा आहे. ए ला एक आणि बी ला शून्य दिलं की धारा ए च्या डायोडमधून वायला येते आणि बी च्या उलट्या डायोडमधून थेट जमिनीत जाते. मधे हजार ओहमचा रेझिस्टर बाजूलाच राहतो. दोन डायोडचे मिळून एक पूर्णांक चार व्होल्ट गेले, उरले तीन पूर्णांक सहा. त्याला दोनशे वीसनं भागा."

मस्के सरांनी कागदाच्या कोपऱ्यात भागलं. सोळा पूर्णांक चारच्या जवळ आलं. "आणि वायवर फक्त सात दशांश राहतात, म्हणून तो शून्य," ते हळूच म्हणाले.

"हो. उलट ए शून्य आणि बी एक असेल तर उलटा डायोड वाटच देत नाही, म्हणून धाराही शून्य. दोन्ही एक असले तरच ए चा रस्ता मोकळा आणि बी बंद, तेव्हा साडेतीन. पोरीनं तसंच लिहिलं आहे."

मस्के सर फळीवर वाकले, पट्टा बघितला, मग चारही जुने कागद समोर ओळीनं मांडले. बोटानं एकेका कागदावरचं साडेतीन तपासलं. शेवटी विचारलं, "ही चारही पोरं कोणाच्या बॅचची, मॅडम?"

"माझ्या."

"डायोड उलटा आहे हे तुम्हाला आत्ता लक्षात आलं?"

यावर तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "सकाळीच."

मस्के सर भला माणूस. प्रकरण वर नेलं नाही. पण चौघांच्या रीडिंगचे मार्क कापले आणि विजयानं त्या प्रत्येक कापणीखाली सही केली. पुढे पालक आले, आरडाओरडा झाला, प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बसवून ऐकवलं. पाठक मॅडमच्या पोरांना प्रॅक्टिकलला मार्क कापले गेले, ही बातमी बस स्टँडपर्यंत गेली. पण हे सगळं नंतर.

त्या दिवशी परीक्षा संपल्यावर विजया लॅबच्या दारात उभी होती. पुजा बाहेर पडली. विजयाला वाटलं, पोरगी आता आपल्याकडे येईल. हात धरेल, निदान एकदा बघेल. पुजानं बघितलं नाही. तिला तिथं कोणी उभं आहे हेही कळलं नसेल. ती धावत व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला राठोडकडे गेली आणि हात हलवून हलवून गोरमाटीत काहीतरी सांगू लागली. मधेच 'सोळा' एवढं विजयाला कळलं. राठोडनं तिच्या डोक्यावर थोपटलं आणि दोघंही मोठ्यानं हसले.

तेव्हा ती माझ्या लॅबमध्ये आली आणि ब्युरेट पुसायला लागली. मी तिला पुसू दिलं. सगळी हकीकत तिनं सांगितली तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. म्हणाले, "विजया, तू आज स्वतःचं नाव पणाला लावलंस त्या पोरीसाठी. हेवा गिळलास. मोठ्या मनाची आहेस गं."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी बावळटासारखं काहीतरी बोलले असावे.

"गिळला? कुणी गिळला?" ती म्हणाली. "मी गप्प बसले असते तर पोरगी रडत बाहेर गेली असती. सरळ त्याच्याकडे. मग तो धावत आत आला असता, डायोड दाखवला असता, आणि तिला त्यानं वाचवलं असतं." तिनं ब्युरेट स्टँडला अडकवली. "ती त्याच्यामुळे वाचलेली मला नाही बघवलं असतं. म्हणून मी बोलले."

व्हरांड्यातून अजून हसणं ऐकू येत होतं. विजया दारापर्यंत गेली, बाहेर डोकावली आणि परत आली.

"काय गं सांगत असेल एवढं त्याला?" तिनं मला विचारलं.